जेवून घेतली, तरी अल्सर?

गुडघा धरला, कंबर आखडली की आपण मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. ‘काहीतरी खाऊन घ्या’, एवढं काउंटरवरून सांगितलं जातं आणि घरातही ते कटाक्षानं पाळलं जातं. सल्ला चुकीचा नाही. फक्त त्यातून मिळणारं संरक्षण लोक समजतात त्यापेक्षा बरंच थोडं आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सूज उतरवणारी वेदनाशामकं. ती पोटाला त्रास देतात ते दोन वाटांनी. पहिली वाट सरळ आहे. रिकाम्या पोटी गोळी विरघळली की तिथल्या अस्तराला ती थेट झोंबते; जळजळ होते, मळमळतं. अर्धी भाकरी, वाटीभर दहीभात किंवा कपभर दूध सोबत असेल तर हा त्रास कमी होतो. गोळीचा असर जरा उशिरा सुरू होतो, पण औषध वाया जात नाही.

दुसरी वाट रक्तातून जाते. १९७१ साली जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. या शोधासाठी १९८२चं नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसोबत विभागून मिळालं. दुखऱ्या सांध्यात सूज आणि वेदना वाढवणारी हीच द्रव्यं जठरात मात्र राखणदारी करतात. तिथल्या आम्लापासून अस्तर वाचवणारा चिकट थर त्यांच्यामुळे टिकतो आणि अस्तराला रक्तपुरवठा होत राहतो. गोळी सांध्यातली सूज उतरवते तेव्हा जठराचा हा पहाराही उठवते. म्हणून याच औषधाचं इंजेक्शन घेतलं, तरी अल्सर होऊ शकतो. आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या, वेष्टनाच्या गोळ्यांनीही तो पुरता टळत नाही. मग जेवणानं कसा टळेल?

एक उदाहरण घेऊ. समजा, अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आहेत. हृदयासाठी त्या रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेतात. पावसाळ्यात गुडघे दुखू लागले, म्हणून ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली, तीही न चुकता जेवणानंतर. महिना उलटला, पोटाची काहीच तक्रार नाही. नंतर जिना चढताना धाप लागायला लागली, चेहरा फिका दिसू लागला. वयाचा परिणाम असेल, असं घरच्यांना वाटलं. शौच काळी होतेय, हे आजी कुणाला बोलल्याच नाहीत. अखेर तपासणीत हिमोग्लोबिन घसरलेलं निघालं आणि दुर्बिणीतून जठरात अल्सर दिसला. महिनाभर त्यातून थोडं थोडं रक्त झिरपत होतं.

अशा प्रकरणांत फसवं असतं ते हे न दुखणं. वेदनाशामकांनी होणारा अल्सर, विशेषतः वयस्करांमध्ये, कित्येकदा मुका असतो. जेवून गोळी घेतल्यामुळे जळजळ थांबते, आणि जळजळ नाही म्हणजे सगळं ठीक, असा समज होतो. आजींना धोका दुप्पट होता, कारण ॲस्पिरिनही त्याच जातीची. आधी अल्सर झालेला असेल, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तरीही धोका असाच वाढतो. अशांना गोळी द्यावीच लागली तर डॉक्टर पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जोडीला देतात. तेच खरं संरक्षण, पण ती गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची असते. पुष्कळजण दोन्ही गोळ्या जेवणानंतर एकाच घोटात गिळतात!

आता थांबायचं केव्हा? मुरगळलेला पाय किंवा दाढदुखी थोड्या दिवसांत उतरली की गोळी बंद करावी. पाकीट संपवायचा नियम अँटिबायोटिकचा, हिचा नाही. स्वतःच्या मनानं घेतलेली गोळी दहा दिवसांपुढे नेऊ नये. तोवर दुखणं गेलं नसेल तर कारण शोधायला हवं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ती लगेच थांबवावी, कारण तेव्हा मूत्रपिंडही प्रोस्टाग्लँडिनच्याच आधारानं काम करत असतं. डेंग्यूची शंका असेल तर ही गोळी नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावं. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती घेऊ नये.

शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, अचानक पोटात असह्य कळ आली किंवा चक्कर आली, तर गोळी तिथंच थांबवून थेट रुग्णालय गाठावं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, त्यामुळे त्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं. आणि आजींसारखी हृदयाची ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र परस्पर बंद करू नये. तिचं काय करायचं, ते रुग्णालयातले डॉक्टरच रक्तस्राव आणि हृदय या दोन्हींचा विचार करून ठरवतील.