ताटाच्या छायाचित्रावरून प्रथिनांचा अदमास
व्यायामशाळेतील एका तरुण स्नेह्याने पाठविलेल्या छायाचित्रात तीन उकडलेली अंडी, वाटीभर वरण, कोंबडीच्या छातीचा भाजलेला तुकडा आणि दीड वाटी भात आहे. पैकी अंड्यांचा हिशेब सरळ, प्रत्येकी सुमारे 6 ग्रॅम म्हणजे 18 ग्रॅम प्रथिने, आणि भाताची 5. वाटीची खोली वरून घेतलेल्या चित्रात कळत नाही, परंतु कडेला पिवळे पाणी सुटलेले दिसते, म्हणून वरणाची 5च धरावीत. खरी गफलत होते ती मांसाच्या वजनात, कारण कच्चे 100 ग्रॅम मांस शिजून सुमारे 75 उरते, आणि कच्च्याचा आकडा शिजलेल्यास लावला तर अदमास कमी पडतो. तळहाताएवढा हा तुकडा शिजलेला 100 ग्रॅम मानल्यास 30, एकूण बेरीज 58. तरीही 50 ते 65 अशी नोंद मला अधिक प्रामाणिक वाटते.