अकराव्या महिन्याआधीचा फोन

दर दोन-चार महिन्यांनी एखादा तरुण मुलगा माझ्या ऑफिसात येऊन बसतो. नोकरी सोडून घरांच्या एजन्सीत उतरलेला असतो. कार्डं छापलेली असतात, मोबाइलवर दोन-तीन पोर्टलचे पैसे भरलेले असतात आणि प्रश्न एकच असतो: सर, गिऱ्हाईक आणायचं कुठून? पोर्टलवरून नावं येतात, पण तेच नाव आणखी पाच-सहा एजंटांना गेलेलं असतं. फोन लावेपर्यंत समोरचा माणूस वैतागलेला असतो आणि "घर मिळालं" म्हणून ठेवून देतो. ते मिळालेलं नसतं, तरीही.

मी त्याला आधी भाड्याच्या घरांकडे पाठवतो. मुलगा जरा नाराज होतो. भाड्याच्या व्यवहारात मिळून मिळून एका महिन्याचं भाडं, आणि विक्रीत टक्का-दोन टक्के. मग तिकडे का नाही? पण एक कुटुंब घर विकतं किंवा घेतं ते दहा-पंधरा वर्षांतून एकदा, आणि एवढ्या मोठ्या व्यवहारात ते अनोळखी माणसाचा हात धरत नाही. भाड्याचं तसं नसतं. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा करतात. म्हणजे मालक आणि भाडेकरू या दोघांनाही वर्षातून एकदा तुमची गरज पडते, आणि ती कोणत्या तारखेला पडणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. नव्या एजंटाला याहून चांगली संधी मी तरी पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट परिसराची. मी कोथरूडमध्ये काम करतो, पण अख्ख्या कोथरूडमध्ये नाही. सुरुवातीला मयूर कॉलनी आणि डहाणूकर कॉलनीच्या बाजूच्या पायी फिरता येतील अशा तीसेक इमारती धरल्या आणि प्रत्येकीसाठी वहीत एक पान ठेवलं. किती फ्लॅट, बांधकाम कोणत्या वर्षीचं, लिफ्ट आहे का, पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, पार्किंग नावावर आहे की "जिथे जागा तिथे", बॅचलर मुलांना ठेवण्याबद्दल सोसायटीचं म्हणणं काय, जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, सेक्रेटरी कोण. हे कागदावरून कळत नाही. वॉचमन, इस्त्रीवाला, सकाळी पाणी सोडणारा माणूस यांच्याशी बोलत राहावं लागतं. कोणत्या फ्लॅटचे कपडे यायचे बंद झाले हे इस्त्रीवाल्याला सर्वांत आधी कळतं.

त्याच पानावर भाव लिहायचे, पण खरे. जाहिरातीतला भाव ही मालकाची इच्छा असते. व्यवहार किती रकमेला नोंदला गेला ते राज्याच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधून कळतं. तोही आकडा जसाच्या तसा उचलू नये. एकाने कार्पेट क्षेत्र लिहिलेलं असतं, दुसऱ्याने बिल्ट-अप. एकात पार्किंग धरलेलं असतं, दुसऱ्यात नसतं. पण एका इमारतीतले तीन-चार व्यवहार शेजारी शेजारी मांडले की अंदाज पक्का होतो. ज्या एजंटाला आपल्या गल्लीतले शेवटचे तीन भाव तोंडपाठ असतात, त्याला लोक भाव विचारायला स्वतःहून थांबवतात.

आता एका फ्लॅटची गोष्ट सविस्तर सांगतो. माझी सुरुवातीची भाडेकरू रुग्णालयात काम करणारी एक नर्स होती. तिला एकाच खोलीची जागा हवी होती. ब्रोकरेज अगदी थोडं, म्हणून दोघा एजंटांनी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मी तिला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरातली बाहेरच्या दाराची खोली मिळवून दिली. करार झाल्यावर बाईंना मी विचारलं, "काकू, तुमच्या समोरचा बंद फ्लॅट कुणाचा?" त्या म्हणाल्या, "आमच्या भाच्याचा. तो अमेरिकेत असतो. पण मागच्या एजंटाने फार त्रास दिला, आता नकोच."

मी नंबर मागितला नाही. नर्सला राहायला येऊन तीन दिवस झाले तेव्हा फोन केला, तर गिझर चालत नव्हता. माणूस पाठवून दुरुस्त करून घेतला. महिन्याने पुन्हा फोन करून पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती दोघींना मिळाली ना, ते विचारलं. बाई हे सगळं पाहत होत्या. चौथ्या महिन्यात त्यांनीच भाच्याचा नंबर दिला. शिफारस करणारा माणूस स्वतःचा शब्द पणाला लावत असतो, आणि तो लावण्याआधी तुम्हाला पारखून घेतो. "कुणी असेल तर सांगा हं" एवढ्यावर आजवर मला कुणीही गिऱ्हाईक दिलेलं नाही. "समोरचा फ्लॅट कुणाचा" असा नेमका प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. आणि शिफारस मिळाल्यावर पुढे काय झालं हे त्या माणसाला कळवायचं असतं, व्यवहार झाला नाही तरीही. बहुतेक एजंट इथेच चुकतात. काकूंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं की भाच्याशी बोलणं झालं, त्याचे वडील किल्ली घेऊन रविवारी येणार आहेत.

तो दोन बेडरूमचा फ्लॅट २४,००० रुपये भाडं आणि ७५,००० रुपये डिपॉझिट यांवर गेला. भाच्याच्या वतीने वडिलांनी कुलमुखत्यारपत्रावर सही केली. करार नोंदवायचा खर्च मालकांना फार मोठा वाटतो, म्हणून हिशेब करून दाखवला. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून अकरा महिन्यांचं व्याज ६,८७५. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ६८० रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्यासाठी करार नोटरीपुरता ठेवण्यात अर्थ नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. हे स्पष्ट सांगणारा एजंट मालकाच्या लक्षात राहतो.

करार १ जूनला सुरू झाला, म्हणजे ३० एप्रिलला संपणार होता. वहीत मी १५ फेब्रुवारीची तारीख घातली. एक महिन्याची नोटीस आणि नवा भाडेकरू शोधायला लागणारा वेळ धरला, तर पंचाहत्तर दिवस आधी विचारणं भाग असतं. त्या दिवशी दोघांशी वेगवेगळं बोलायचं: भाडेकरू राहणार का, मालकाला भाडं किती वाढवायचंय. मधल्या काळात मी कामाशिवाय फोन केला नाही. जुलैत मोठा पाऊस झाला तेव्हा बाथरूमच्या माळ्यावर ओल दिसली. फोटो आणि प्लंबरने सांगितलेला खर्च असं दोन्ही अमेरिकेत पाठवलं. डिसेंबरात सोसायटीच्या सभेत रंगकामाची वर्गणी ठरली, ते कळवलं. "काही काम असेल तर सांगा" असं विचारायला केलेला फोन मालकाला ओझं वाटतो. त्याच्या घराबद्दलची बातमी त्याला हवी असते.

नूतनीकरणाच्या वेळी बरेच एजंट पुन्हा अर्धं-पाऊण भाडं मागतात. मी फक्त करार करून देण्याचे पैसे घेतो. याबद्दल माझ्या धंद्यातल्या मित्रांशी माझा वाद आहे, पण माझं मत पक्कं आहे. दरवर्षी ब्रोकरेज मागितलं की दुसऱ्या वर्षी मालक आणि भाडेकरू परस्पर करार करतात आणि तुम्हाला कळतही नाही. आपला पाया ढासळतोय हे ओळखायची खूणच ती: वहीतली तारीख आली, फोन केला आणि "झालं आमचं" असं उत्तर आलं. वर्षात असे दोन-तीन फोन झाले तर आपलं काय चुकलं ते त्याच माणसाला विचारावं. बहुतेक वेळा कारण डिपॉझिट परत देतानाच्या भांडणात सापडतं. घर ताब्यात देताना नळ, पंखे, फरशी, रंग यांचे फोटो काढून दोघांना पाठवले नसतील, तर सोडताना दोघंही एजंटाला खोटं पाडतात.

चौथ्या वर्षी भाच्याने फ्लॅट विकायचं ठरवलं. दुसऱ्या कुठल्या एजंटाचा विचारही त्याने केला नाही. मी पहिली गोष्ट सांगितली ती कराची. विकणारा भारतात राहणारा असेल तर ५० लाख आणि त्यावरच्या किमतीवर घेणारा एक टक्का कर कापून भरतो. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्का चालत नाही, कितीतरी जास्त दराने कापावं लागतं, आणि कमी कपातीचा दाखला आयकर विभागाकडून आणलेला नसेल तर ते पूर्ण किमतीवर कापलं जातं. हा दाखला मिळायला आठवडे जातात. टोकन घेतल्यावर हे निघालं की घेणारा घाबरतो आणि व्यवहार मोडतो. आम्ही गिऱ्हाईक शोधायच्या आधीच सीए गाठला. घेणारे निघाले त्याच इमारतीतले, दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू. त्यांचा करार मीच केला होता.

नव्या मुलांना एक सावधगिरी आवर्जून सांगतो. शिफारशीबद्दल शेजाऱ्यांना किंवा मित्रांना पैसे देऊ नका. रेरा कायद्याच्या व्याख्येत मोबदला घेऊन घेणाऱ्या-विकणाऱ्याची गाठ घालून देणाराही एजंटच ठरतो, आणि नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं तर त्याची नोंदणी लागते. महारेराने २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. काकूंना मी कधी पाकीट दिलं नाही. त्यांच्या वीजबिलातली नावबदलाची खटपट मात्र करून दिली.

तुम्ही घर भाड्याने द्यायला किंवा विकायला निघाला असाल, तर दारात आलेल्या एजंटाला दोन गोष्टी विचारा: या इमारतीत शेवटचे तीन व्यवहार किती रकमेला नोंदले गेले, आणि दोन वर्षांपूर्वी ज्याचं घर भाड्याने दिलं त्या मालकाचा फोन नंबर मिळेल का. दुसऱ्या प्रश्नावर तो नंबर द्यायला कचरला, तर किल्ली त्याच्या हातात देऊ नका.