बाळंतिणीचे पाणी : आजी सांगते ते आणि शरीर मागते ते

बाळंतीण घरी आली की पहिल्या दिवसापासून सल्ले सुरू होतात. आई म्हणते, पाणी कमी पी, पोट सुटेल. सासूबाई म्हणतात, पाण्याने टाके पिकतील. शेजारची मावशी सांगते, भरपूर पाणी प्यायल्याशिवाय दूध उतरत नाही. दवाखान्यातली सिस्टर तर तहान लागेल तेवढे प्या म्हणून सांगून गेलेली असते. या चौघींमध्ये मान कोणाचा राखायचा, हे बाळंतिणीला कळत नाही आणि ती गप्प बसते. म्हणून या वेळी आम्ही फक्त पाण्याचाच प्रश्न घेतला आहे.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे होते, असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या काळात वस्तीला स्वच्छ पाणी मिळत नसे. अशा वेळी बाळंतिणीला उकळलेले, ओवा घातलेले पाणी देणे शहाणपणाचेच होते. आजही सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ते पिंपात साठवून ठेवावे लागते. तेव्हा पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवण्याचा आजीचा आग्रह आपण जरूर पाळावा. चूक आहे ती पाणी मोजून देण्यात.

आता कारण पाहू. बाळ नीट पिऊ लागले की आईच्या अंगातून दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध जाते. ते पाणी तिच्याच शरीरातून जाते. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, वर पत्र्याचे छप्पर, दार-खिडकी बंद आणि डोक्याला फडके, म्हणजे घामावाटे जाणारे पाणी वेगळेच. एवढे जात असताना दिवसाला दोन-तीन पेलेच पाणी दिले, तर लघवी गडद पिवळी होते, तिची जळजळ होते, डोके दुखते आणि शौचाला खडा होतो. खडा झाला की कुंथावे लागते आणि त्याचा ताण थेट टाक्यांवर पडतो. टाके पिकतात ते जंतूंमुळे आणि अस्वच्छतेमुळे. पाणी पिण्याने ते पिकत नाहीत. पोट सैल दिसते ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे. ते हळूहळू आवळते, त्याचाही पाण्याशी संबंध नाही.

मावशीचा सल्लाही अर्धाच खरा आहे. तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसल्याने दूध वाढत नाही. दूध वाढते ते बाळ वरचेवर आणि नीट धरून ओढते तेव्हा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हाच त्यावरचा उपाय. पाणी आईने प्यायचे ते तिची स्वतःची तब्येत राहावी म्हणून.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पहिली बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी आहे. महिना एप्रिलचा. प्रसूती दवाखान्यात झाली, खाली टाके आहेत. आजी सकाळी एक तांब्या पाणी भरून ठेवते आणि दिवसभर तेवढेच पुरवायचे असे सांगते. सहाव्या दिवशी मुलीला दोनदाच लघवी होते, तीही गडद. तीन दिवस शौचाला झालेले नाही, टाके ठणकतात. बाळ संध्याकाळी रडते. आजी म्हणते, दूध पुरत नाही, वरचे दूध सुरू करा. आई म्हणते, उन्हाळा आहे, निदान बाळाला दोन चमचे पाणी तरी पाजा.

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मोजावे. बाळाचे लंगोट दिवसरात्र मिळून किती वेळा ओले झाले? समजा, सात वेळा, आणि लघवी फिकट आहे. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी होत असेल, बाळ जोमाने ओढत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. म्हणजे इथे बाळ तहानलेले नाही. तहानलेली आहे ती त्याची आई. वरच्या दुधाची गरज नाही. बाळाला पाणीही नको, मध नको, घुट्टी नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातही पहिले सहा महिने ते पुरते. बाहेरचे पाणी पाजले की बाळाचे इवलेसे पोट त्यानेच भरते, ते कमी ओढते आणि मग दूध खरेच कमी होते.

या घरात करायचे एवढेच. उशाशी झाकलेला तांब्या आणि पेला ठेवायचा. बाळाला पाजायला घेतले की दर वेळी एक पेला प्यायचा. दहा वेळा पाजले की अडीच लिटरच्या आसपास पाणी आपोआप पोटात जाते. आजीला ओव्याचे कोमट पाणी द्यायचे असेल तर तेही याच मोजणीत धरा. तिचा मानही राहतो आणि कामही होते. दोन दिवसांत लघवी फिकट झाली की पाणी पुरेसे आहे असे समजावे. जेवणात नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ आणि मूठभर शेंगदाणे जास्त हवेत. डाळ आणि पालेभाजी वातूळ म्हणून बंद करू नका, खडा मोडायला तीच उपयोगी पडते. आजीची अळीवाची खीर आणि डिंकाचा लाडू चालू द्या, पण त्यावर जेवण भागवू नका.

शेगडीचे मात्र ऐकू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायू साठतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. उन्हाळ्यात तर खोली तापून बाळाचे अंगही तापते.

घरात पटत नसेल तर आशाताईची मदत घ्या. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी यायचे असते. त्या दिवशी आजीला मुद्दाम शेजारी बसवा आणि बाळाचे वजन तिच्यासमोर करायला लावा. सुनेच्या तोंडून ऐकलेले उलट बोलणे वाटते, तेच काट्यावर दिसले की पटते. परंपरेने आले म्हणून किंवा वडील सांगतात म्हणून स्वीकारू नका, हिताचे आहे का हे स्वतः पारखा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. ही कसोटी आजीच्या सल्ल्याला लागते, तशी मावशीच्या आणि आमच्याही.

पण काही लक्षणे दिसली की सल्ले थांबवायचे आणि दवाखाना गाठायचा. तासाभरात पूर्ण पॅड भिजेल एवढे रक्त जाणे, ताप येणे, अंगावरून घाण वासाचे जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटका, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, लघवी अजिबात न होणे. बाळ ओढत नसेल, सुस्त पडले असेल, किंवा पाचव्या दिवसानंतरही लंगोट फारच कमी ओले होत असतील, तरीही थांबू नका. 108 वर फोन करा किंवा थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा. आणि बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल, झोप येत नसेल, जगणे नको वाटते म्हणत असेल, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे. त्यासाठी 14416 हा सरकारी मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.