क्रमांक सरकला की

समजा, गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत १२ नंतर पार्किंगचा नवा नियम घातला. जुना ३८ आता ३९ झाला; पण थकबाकीच्या नियमात ‘उपविधी ३८ प्रमाणे नोटीस’ तसेच राहिले. तिथे आता गच्चीचा नियम आहे! म्हणून प्रत्येक उल्लेखावर पेन्सिलीने खूण करून मूळ नियम उघडून वाचावा. नुसता आकडा जुळवून भागत नाही. त्यापेक्षा नव्या नियमाला ‘१२-अ’ म्हणणे उत्तम. पुढचे क्रमांक हलतच नाहीत.

व्याख्येत ‘समिती’ म्हणजे व्यवस्थापक समिती असेल, तर पुढे ‘कार्यकारिणी’ लिहू नये. ती वेगळी, असा वाद निघतो. ही तपासणी सर्वसाधारण सभेपूर्वीच करा. दुरुस्ती निबंधकांकडे नोंदल्यावरच लागू होते आणि नंतर चूक सुधारायला तीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते.