दीड इंची पाइप साडेपाच इंची होतो तेव्हा

पाइपांच्या मापांचा जुना छापील तक्ता संगणकावर उतरवायला घ्या. मापे अशी असतात: 1, 1¼, 1½, 2. छापखान्यात पाव नि अर्ध्याचे वेगळे खिळे असत, साध्या कळफलकावर ते नाहीत. म्हणून सरसकट ½ च्या जागी 1/2 घातले जाते आणि 1½ चे होते 11/2. अकरा छेद दोन, म्हणजे साडेपाच! अक्षरे एकसारखी करून देणारी काही संगणकीय साधनेही पूर्णांक आणि अपूर्णांकामध्ये जागा न सोडता हेच करतात.

चूक ओळखायची खूण तक्त्यातच असते. मापे चढत्या क्रमाने असतात. एकनंतर पावणेतीन, मग साडेपाच आणि लगेच दोन आले, तर बिघडले कुठे ते कळतेच. शेजारच्या रकान्यात बाहेरचा व्यास असतो, तोही साक्ष देतो.

```
size_in   od_in
1         1.315
1-1/4     1.660
1-1/2     1.900
2         2.375
```

पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यात आडवी रेघ हवीच. मोकळी जागा सोडली तरी अर्थ बरोबर राहतो, पण रकाने जागेवरून तोडले गेले तर एका मापाचे दोन तुकडे होतात. रेघेलाही एक धोका आहे: हिशेबाच्या सूत्रात 1-1/2 ची वजाबाकी होऊन अर्धा उरतो. नुसता 1/2 स्प्रेडशीटमध्ये तारीख होऊन बसतो. म्हणून तो रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावा.

मग सरळ 1.5 का लिहू नये? कारण इथे दीड इंच हे पाइपाचे नाव आहे. त्याचा बाहेरचा व्यास 1.900 इंच भरतो. शिवाय 1/3 चे 0.33 केले की किंमतच बदलते. व्यासातली शेवटची शून्येही ठेवावीत, माप कितव्या दशांश स्थळापर्यंत दिले आहे हे त्यांवरून कळते.

इंचाची ″ ही खूण अवतरणचिन्हासारखी दिसते आणि स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमध्ये गोंधळ घालते. तिथे in लिहावे, किंवा वर केले तसे एकक रकान्याच्या मथळ्यात न्यावे. सर्वांत जपायचा तो µ. जुन्या सिम्बॉल फॉन्टमध्ये तो m च्या जागी बसवलेला असे. फॉन्ट गेला की µg चे mg होते आणि किंमत हजारपट वाढते. µ ऐवजी u लिहावा, पण तो कशासाठी वापरला ते तक्त्याच्या डोक्यावर नोंदवावे.

जुन्या मराठी हिशेबात हीच अडचण दंडांची. ३॥ म्हणजे साडेतीन, ३। म्हणजे सव्वातीन. स्कॅन वाचणारे यंत्र त्या दंडांचे एकावर एक करून ३११ देऊ शकते.

काम संपल्यावर एकाने छापील तक्ता मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर बघावे. ‘एक पूर्णांक एक छेद दोन’ म्हणू नका, प्लंबरसारखे ‘दीड’ म्हणा. 11/2 समोर असेल, तर बघणारा तिथेच थांबेल.