एका पडद्यावर तीन कॅलेंडरं: कोणाला काय दिसतं?

चंदगड तालुक्यातल्या अनेक घरांतली एक पिढी गावात असते आणि दुसरी बेळगाव, गोवा, पुणे किंवा मुंबईत. भात लावणी, काजूचा हंगाम, मुलांच्या परीक्षा, ऑफिसच्या मीटिंगा हे सारं भिंतीवरच्या एका दिनदर्शिकेत मावत नाही. म्हणून ऑफिस, घर आणि स्वतःचं अशी तीन कॅलेंडरं गुगल कॅलेंडरमध्ये एकत्र बघण्याची पद्धत रुळते आहे. मात्र ‘एकत्र’ या शब्दापाशीच पुष्कळांची गफलत होते.

गैरसमज: तिन्ही कॅलेंडरं एका अ‍ॅपमध्ये आली, म्हणजे आपण केव्हा मोकळे नाही हे ऑफिसलाही कळतं.

वस्तुस्थिती: एकत्र येतं ते फक्त आपल्या पडद्यावरचं दृश्य. कॅलेंडरं आपापल्या खात्यांतच राहतात. सहकारी मीटिंग ठरवताना आपली वेळ तपासतो, तेव्हा त्याला ऑफिसच्या खात्यातली कामंच मोजलेली दिसतात. खासगी जीमेल खात्यातल्या नोंदी त्या हिशोबात येत नाहीत.

समजा, चंदगडचा एक तरुण पुण्यात नोकरी करतो. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्याने स्वतःच्या कॅलेंडरमध्ये १४ ते १८ सप्टेंबर अशी ‘गावी गणपती’ ही नोंद केली. त्याच्या फोनवर तो सगळा आठवडा हिरवा दिसतो. तरीही बुधवारी, १६ तारखेला सकाळी अकराची मीटिंग त्याच्या नावावर पडते, कारण ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये तो दिवस कोराच आहे. उपाय सोपा आहे. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये त्याच तारखांची ‘रजा’ अशी वेगळी नोंद करायची. कामाच्या खात्यात `Out of office` हा प्रकार असेल तर त्या काळातल्या मीटिंगांना आपोआप नकार पाठवण्याची सोयही त्यात मिळते.

गैरसमज: नोंद केली की ती वेळ अडवली गेली.

वस्तुस्थिती: प्रत्येक नोंदीला `Busy` किंवा `Free` अशी खूण असते. दिवसभराची नोंद केली की गुगल कॅलेंडर ती सहसा आपणहून `Free` धरतं, कारण वाढदिवस किंवा सण असल्याने माणूस कामाला नाही असं होत नाही. म्हणजे त्या तरुणाने रजेची साधी दिवसभराची नोंद ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये केली आणि ही खूण बदलली नाही, तर तो पाचही दिवस मोकळाच दिसेल. नोंद उघडून `Busy` निवडणं हे एवढंसं काम बहुतेक वेळा राहून जातं.

गैरसमज: घरच्यांसाठी लाल आणि ऑफिससाठी निळा रंग ठरवला की सगळ्यांना तसंच दिसतं.

वस्तुस्थिती: कॅलेंडरला दिलेला रंग ज्याचा त्याचा असतो. मुलाच्या फोनवर कुटुंबाचं कॅलेंडर लाल असेल, तर आईच्या फोनवर तेच जांभळं असू शकतं. त्यामुळे “लाल नोंदी बघ” असं फोनवर सांगून उपयोग नाही. नोंदीच्या नावातच ‘आई – दवाखाना’, ‘काजू – मजूर’ असं लिहिलं की ते सर्वांना सारखंच वाचता येतं. रंगाने कोणाचा अधिकारही बदलत नाही.

गैरसमज: नोंद `Private` केली की ती दुसऱ्या कोणालाच दिसत नाही.

वस्तुस्थिती: हे शेअर करताना दिलेल्या परवानगीवर ठरतं. परवानगीच्या चार पायऱ्या आहेत: फक्त मोकळा की व्यग्र एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि बदलांसोबत शेअरिंगही सांभाळता येणं. तपशील बघण्याची परवानगी असलेल्याला `Private` नोंदीच्या जागी नुसतं ‘व्यग्र’ दिसतं. नोंदी बदलण्याची परवानगी असलेल्याला मात्र ती नोंद पूर्ण वाचता येते.

गुगलच्या फॅमिली ग्रुपचं कॅलेंडर सहा जणांपर्यंत चालतं आणि त्यात सगळ्यांनाच नोंदी बदलता येतात. घरात कोणाला कळू नये अशी तपासणीची वेळ त्यात ठेवणं म्हणूनच चूक आहे. ती स्वतःच्या कॅलेंडरमध्ये ठेवावी आणि घरच्यांना त्या कॅलेंडरची फक्त पहिली पायरी द्यावी. त्यांना तेवढा तास व्यग्र दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही.

ऑफिसचं कॅलेंडर घरी शेअर करण्याला मात्र मर्यादा आहे. बाहेरच्यांना किती दाखवायचं हे कंपनीचा अ‍ॅडमिन ठरवतो. त्याने फक्त मोकळा-व्यग्र एवढीच मुभा ठेवली असेल, तर कर्मचाऱ्याला त्यापुढे जाता येत नाही.

सेटिंग झाल्यावर आपल्या फोनकडे बघून समाधान मानू नये. घरातल्या एकाचा आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा पडदा बघावा, आणि तिथे जास्त दिसत असेल तर परवानगी त्याच दिवशी एक पायरी खाली आणावी.