ओटीपी न विचारता गेलेले १६९ रुपये

होस्टेलमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या खात्यातून जुलैमध्ये १६९ रुपये गेले. मेसेजमध्ये कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव होतं. 'असेल काहीतरी' म्हणून तिने सोडून दिलं. ऑगस्टमध्ये त्याच तारखेला पुन्हा १६९! तेव्हा तिला आठवलं, की वर्षापूर्वी जिथून पुस्तक मागवलं होतं त्या परदेशी साइटचा मेल आला होता : ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली आहे.

"पण मला ओटीपी आलाच नाही गं!" ती म्हणाली. भारतातल्या व्यवहारात दरमहा पैसे कापायची परवानगी आधी ओटीपीने नोंदवावी लागते, आणि कापण्याच्या चोवीस तास आधी तसं कळवावंही लागतं. परदेशी व्यापाऱ्याला मात्र पुष्कळदा कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढंच पुरतं. नेमकं तेच चोरीला गेलं होतं. रक्कम लहान असते ती आपलं लक्ष जाऊ नये म्हणूनच.

आम्ही आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद केले. याला एक मिनिटही लागत नाही. मग बँकेला फोन. इथे तिची एक चूक झाली. "सबस्क्रिप्शन बंद करा" असं ती म्हणाली, तर पलीकडून उत्तर आलं, "कंपनीशी बोला." दुसऱ्यांदा फोन करून तिने सांगितलं, "हा व्यवहार मी केलेलाच नाही, अनधिकृत आहे. कार्ड कायमचं ब्लॉक करा आणि तक्रार क्रमांक द्या." मग लगेच तक्रार नोंदली गेली. नवीन कार्ड घेताना जुन्या कार्डावरच्या नोंदवलेल्या परवानग्याही रद्द करायला सांगा. कारण बदललेला नंबर व्यापाऱ्याला आपोआप कळवण्याची सेवा व्हिसा आणि मास्टरकार्डकडे आहे. नवं कार्ड आलं म्हणजे कापणी थांबलीच, असं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक आपली नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर आपलं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. चार ते सात दिवस लागले तर थोडा भार आपल्यावर येतो. साध्या बचत खात्याला तो जास्तीत जास्त दहा हजार, किंवा गेलेली रक्कम, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे १६९ सारखी रक्कम अख्खी आपलीच गेली. त्यापुढे बँकेचं धोरण. ओटीपी स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी.

फसवणुकीची नोंद १९३० वर किंवा cybercrime.gov.in वरही करता येते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते. ऑगस्टचे १६९ नवव्या दिवशी आले. जुलैच्या पैशांसाठी मात्र बँकेने 'उशिरा कळवलंत' असं लिहून पाठवलंय.